८० मीटर हर्डल्स: चौथ्या हर्डलनंतर तीन पावलं बसत नाहीत

वर्षा_ऐरोली
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, उंची १५२ सेंमी. गेल्या वर्षीपासून ८० मीटर हर्डल्स करते. आठ हर्डल, पहिलं १२ मीटरवर आणि पुढे दर ८ मीटरवर एक, उंची ७६ सेंमी. सपाट धावण्यात ती शाळेत पहिल्या दोनांत असते. हर्डल्समध्ये मात्र तिसऱ्या हर्डलपर्यंत मध्ये तीन पावलं पडतात, चौथ्यानंतर चार पडतात. मग पाय बदलतो, ती बिचकते आणि पुढची सगळी हर्डल्स जवळजवळ थांबून ओलांडते.

शाळेतले सर म्हणतात, "पावलं लांब टाक." घरी सासूबाई म्हणतात, पायच आखूड आहेत, तिला लांब उडीला घाला. जिल्हास्तरीय स्पर्धा पावसाळा संपला की आहे. तिने पाच पावलांवर यावं, की पावलं लांब करण्याचा सराव करावा? कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

नेरुळकर_७१
आमच्या वेळी शाळेत अडथळ्यांची शर्यत फार रंगायची. टायरमधून जायचं, बाकाखालून सरपटायचं, शेवटी पोत्यात उड्या. मुलीला कोपरं राखायला सांगा, सरपटताना सोलवटतात.

वर्षा_ऐरोली
काका, ती वेगळी. ही धावत हर्डल ओलांडायची.

विक्रांत_कोपरखैरणे
ताई, सरांचं बरोबर आहे. साधं गणित आहे, ८ मीटर तीन पावलांत कापायचे तर पाऊल मोठंच हवं. स्क्वॉट्स आणि जिने चढण्याचा व्यायाम सुरू करा, ताकद वाढली की पाऊल आपोआप वाढतं. आणि चार पावलं पडली तरी बिघडत नाही, दोन्ही पायांनी ओलांडता आलं की झालं. ४०० मीटर हर्डल्सवाले सर्रास पाय बदलतात.

मैदानकर
विक्रांत, ताकदीचं म्हणणं मान्य. पण ८ मीटर तीन पावलांत कापायचे नसतातच. काही अंतर ती हर्डलच्या अलीकडे हवेत उडालेली असते आणि काही पलीकडे उतरायच्या आधी हवेतच असते. चांगल्या हर्डलरचं ८ मीटरमधलं जवळजवळ पावणेतीन मीटर अंतर असं हवेत जातं. उरलेल्या सव्वापाच मीटरांत तीन पावलं टाकायची, म्हणजे सरासरी पावणेदोन मीटरचं पाऊल. सपाट शर्यतीत पहिल्या दोनांत येणाऱ्या नववीच्या मुलीला हे जड नाही. तेव्हा पाय आखूड हे कारण मी तरी मानत नाही. बायकांच्या १०० मीटर हर्डल्सचा जागतिक विक्रम १२.१२ सेकंद आहे, २०२२ चा, नायजेरियाच्या टोबी अमुसानचा. तिची उंची साधारण १५६ सेंमी आहे आणि तिथे दोन हर्डलमधलं अंतर साडेआठ मीटर असतं.

वर्षाताई, अंदाजाने सांगण्यापेक्षा एक काम करा. मैदानावर दुसऱ्या आणि तिसऱ्या हर्डलच्या मध्ये माती जरा ओली करून सारखी करा किंवा फक्कीचा पातळ थर पसरा. मुलीला पूर्ण वेगाने पहिल्या हर्डलपासून पळू द्या. मग टेपने पाच मापं घ्या: हर्डल ओलांडून पाय जिथे टेकला ते अंतर, तिथून पहिलं, दुसरं, तिसरं पाऊल, आणि शेवटच्या ठशापासून पुढच्या हर्डलपर्यंतचं अंतर. मापं ठशाच्या पुढच्या टोकापासून घ्या. आणि ठसा कसा दिसतो तेही लिहा, टाच उमटली आहे का, सरळ रेषेत आहे का.

अनघा_घोडबंदर
मी शाळा-कॉलेजात हर्डल्स केलं आहे. मैदानकर सरांना अनुमोदन. जोडीला एक करा, मोबाइलवर बाजूने स्लो मोशन काढा, कॅमेरा हर्डलच्या अगदी रेषेत आणि कमरेच्या उंचीवर ठेवून. शिवाय एकदा समोरूनही काढा. बाजूच्या व्हिडिओत पाय सरळ वाटतो, समोरून पाहिलं की खरं काय ते कळतं.

पराग_खारघर
एक शंका. माझा मुलगा हर्डल पाडतो म्हणून बाद होईल अशी त्याला भीती घातली आहे. पाडलं की बाद का?

मैदानकर
नाही. चुकून लागून पडलं तर बाद नाही, फक्त वेळ जातो. मुद्दाम पाडलं, किंवा पाय हर्डलच्या बाहेरून, वरच्या पट्टीच्या खालच्या पातळीवरून गेला, तर बाद. मागचा पाय कडेने ओढत नेणारी मुलं त्यातच सापडतात. आणि हर्डलचे पाय धावत येणाऱ्याच्या बाजूला असतात, म्हणून धक्का लागला की ते पुढे पडतं. उलट्या बाजूने कधीही ओलांडू देऊ नका. तसं ते पडत नाही आणि मूल तोंडावर आपटतं.

पराग_खारघर
धन्यवाद सर. आमच्याकडे परतताना मुलं उलट्या बाजूनेच उड्या मारत येतात. उद्याच सांगतो.

वर्षा_ऐरोली
काल मापं घेतली. नवऱ्याने टेप धरली, मी लिहून घेतलं. हर्डल ओलांडून पाय टेकला १.३० मीटरवर. तिथून पहिलं पाऊल १.२५, दुसरं १.८५, तिसरं २.१५, आणि तिथून पुढचं हर्डल १.४५ मीटरवर. बेरीज बरोबर ८ येते.

ठसे: उतरल्याचा ठसा खोल आहे, टाच स्पष्ट उमटली आहे, आणि तो मधल्या रेषेपासून साधारण तळहाताएवढा उजवीकडे आहे. ती उजवा पाय पुढे नेते. तिसऱ्या पावलाच्या ठशातही टाच आहे. समोरच्या व्हिडिओत उजवा पाय फाटक उघडावं तसा बाहेरून फिरून वर येतो, गुडघ्यात जवळजवळ सरळ. मला हे आधी कधी दिसलंच नव्हतं.

मैदानकर
उत्तम मापं घेतलीत. सगळं यातच आहे, आता सावकाश वाचा.

तिसरं पाऊल २.१५ पहा. ते तिघांत सर्वांत लांब आहे. ते दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड हवं. हर्डलच्या आधीचं पाऊल जरा आखूड आणि झटकन पडलं तर कंबर उंच राहते आणि शरीर पायाच्या वर येतं. ही मुलगी तिथे पाय पुढे ताणते, टाचेवर येते, म्हणजे ऐन उडीच्या क्षणी ब्रेक लावते. शिवाय ताणल्यामुळे ती हर्डलच्या फार जवळ पोहोचते. १.४५ मीटरवरून गुडघा मोकळेपणी वर आणायला जागाच उरत नाही, म्हणून पाय वाट काढतो आणि बाहेरून फिरून येतो. इतक्या जवळून ओलांडायचं तर वर उडी मारावी लागते. वर गेलेलं शरीर हर्डल पार झाल्यावरही काही काळ हवेतच असतं, म्हणून ती १.३० मीटरवर, उंचावरून आणि टाचेवर उतरते. हा दुसरा ब्रेक. बाहेरून फिरलेल्या पायाने कंबरही वळलेली असते, म्हणून ठसा रेषेबाहेर. अशा अवस्थेतून पहिलं पाऊल १.२५ चंच निघणार. आणि ते आखूड पडलं म्हणून भरपाईला तिसरं पुन्हा ताणायचं.

हे चक्र दर हर्डलला थोडा वेग खातं. सुरुवातीच्या धावेचा वेग तिसऱ्या हर्डलपर्यंत पुरतो, चौथ्यानंतर संपतो. म्हणून "पावलं लांब टाक" हा सल्ला या मुलीला उलटा पडेल. ती आणखी ताणेल आणि आणखी जवळ जाईल. तिला वेळ पुढच्या पायातून आणि पहिल्या पावलातून परत मिळवायचा आहे.

विक्रांत_कोपरखैरणे
सर, मग ताकद लागत नाही असं म्हणायचं आहे का? आणि पुढचा पाय सरळच ना? टीव्हीवर तर सगळ्यांचा पाय हर्डलवर काठीसारखा ताठ दिसतो.

मैदानकर
ताकद लागते, पण ती आजच्या चौथ्या हर्डलचा प्रश्न सोडवणार नाही. आणि टीव्हीवर दिसतो तो पाय उघडल्यानंतरचा क्षण. त्याआधी काय होतं ते पहा. जमीन सुटताना टाच मांडीमागे दुमडलेली असते आणि गुडघा सरळ समोर, हर्डलच्या पट्टीच्या वर उचललेला असतो. गुडघा पोहोचल्यावर मग पोटरी उघडते, तेही पूर्ण ताठ नाही, किंचित वाकलेली. पाऊल पट्टीपलीकडे गेलं की लगेच खाली आणि मागे ओढायचं, जमिनीची वाट पाहत तरंगायचं नाही. पायाचा पुढचा भाग टेकतो, कंबरेच्या जवळजवळ खाली. दुमडलेला पाय लवकर वर येतो. ताठ पाय जड असतो, तो उशिरा आणि कडेने येतो. विरुद्ध बाजूचा, म्हणजे तिच्या बाबतीत डावा हात पुढे जायला हवा, आडवा छातीवर नाही.

तिला हे भिंतीवर शिकवा. भिंतीवर हर्डलच्या उंचीवर फक्कीची रेघ मारा. एक-सव्वा मीटर मागून चालत यावं, गुडघा आधी, मग पाय उघडून तळवा रेघेच्या जरा वर भिंतीवर सपाट टेकवावा. कडेने फिरवणाऱ्याचा तळवा तिरका लागतो, तिला स्वतःलाच समजतं. नंतर हर्डलच्या कडेने चालत जायचं, पुढचा पाय पट्टीच्या टोकावरून आणि दुसरा हर्डलच्या बाहेरून. जमलं की तेच धिम्या धावेत. या सरावात मागचा पाय मोकळा असतो, म्हणून लक्ष पुढच्यावर राहतं.

अनघा_घोडबंदर
सरांचं पटतं, पण मी सुरुवात अंतरापासून केली असती. ती ८ मीटरवर घाबरली आहे, तिथे पाय सुधारत बसली तर पुन्हा ताणणारच. हर्डल ७.२५ मीटरवर आणा आणि उंची ६० सेंमी करा. पीव्हीसी पाइप दोन कोनवर नुसता टेकवा, लागला तर पडेल असा. तिथे तीन पावलं इतकी सहज पडतात की ताणायचं कारणच उरत नाही, आणि गुडघा आणायला जागा मिळते.

आणि तिला ऐकायला लावा. हर्डलच्या पलीकडे पाय टेकल्याचा एक आवाज आणि मग तीन. आम्ही तोंडाने म्हणायचो, "टेक, एक, दोन, तीन". एक ते तीन सलग वेगाने, शेवटचा जरा घाईचा. मग हवेतला पोकळ वेळ आणि पुन्हा "टेक". ज्या मुलीचा तिसरा आवाज उशिरा आणि धप्पकन येतो ती तिथे ताणते आहे. ठाण्यात पावसात मैदानावर डबकी असायची, तेव्हा आम्ही हर्डलशिवाय, नुसत्या जमिनीवर ठेवलेल्या काठ्यांवर ही लय पक्की करायचो. सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतं, पण तिथे चप्पल-बूट नीट हवेत, काँक्रीटवर फार वेळ नको.

मैदानकर
अनघाताई, अंतर कमी करणं मलाही मान्य आहे. फक्त उंची लगेच ६० वर न्यावी का याबद्दल मी साशंक आहे. खूप खाली आणली तर मुलं नुसती धावून पार होतात, पुढचा पाय शिकतच नाहीत. मी ६८ च्या आसपास ठेवतो.

अनघा_घोडबंदर
सर, मुलगी आधीच बिचकते आहे. भीती गेल्याशिवाय गुडघा वर येत नाही हा माझा अनुभव. लय बसली की उंची वाढवायला वेळ लागत नाही.

डॉ_सीवूड्स
फिजिओथेरपिस्ट आहे, थोडं जोडते. या वयात उंची भराभर वाढते आणि टाचेच्या मागे दुखणं नेहमीचं असतं. टाचेवर आपटत उतरणाऱ्या मुलीला ते लवकर सुरू होतं. सरावानंतर लंगडत असेल किंवा सकाळी टाच टेकवताना दुखत असेल तर त्या दिवशी उड्या बंद, भिंतीवरचा सराव चालेल. उंची वाढते आहे तोवर मापंही बदलत राहतील, दोन महिन्यांपूर्वीची मापं धरून बसू नका.

वर्षा_ऐरोली
सर्वांचे मनापासून आभार. दुखत नाही सध्या, लक्ष ठेवते. सर, पहिल्या हर्डलपर्यंत ती नऊ पावलं टाकते. ते चालेल का?

मैदानकर
नऊ म्हणजे सुरुवातीची पावलं आखूड आहेत. १२ मीटरला आठ हवीत, बहुतेक मुलांना जमतात. ती ब्लॉकमध्ये कुठला पाय पुढे ठेवते?

वर्षा_ऐरोली
उजवा पुढे.

मैदानकर
आठ पावलं टाकायची आणि उजवा पाय हर्डलवर आणायचा तर डावा पाय पुढच्या ब्लॉकवर हवा, उजवा मागे. पहिलं पाऊल मागच्या पायाने पडतं, म्हणून आठवं पाऊल पुढच्या ब्लॉकवाल्याच, म्हणजे डाव्या पायाचं येतं. तिथून ती उडते. आतापर्यंत उजवा पुढे असल्याने तिला नऊ टाकावीच लागत होती. ब्लॉक बदलला की सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटेल. आधी हर्डलशिवाय आठ पावलांची खूण बसवा, मग हर्डल ठेवा.

नेरुळकर_७१
हे सगळं वाचून मला आता हर्डल्स पाहायची ओढ लागली. आपल्याकडे मोठा कोणी आहे का यात?

पराग_खारघर
काका, आहेत की. ज्योती याराजीने २०२३ मध्ये १०० मीटर हर्डल्सला १२.७८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच वर्षी बँकॉकला आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. पुरुषांत आपल्या महाराष्ट्राचा तेजस शिरसे, २०२४ मध्ये फिनलंडमध्ये ११० मीटर हर्डल्सला १३.४१. त्याच्या आधीचा विक्रम मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाचा होता.

वर्षा_ऐरोली
बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. अनघाताईंच्या ६० सेंमीवर सुरुवात केली आणि मग सरांच्या ६८ वर आणलं, अंतर ७.२५. आठवड्यातून तीनदा, दर वेळी थोड्याच फेऱ्या, कारण दमली की लगेच पाय फिरवायला लागते. भिंतीवरचा सराव मात्र रोज घरी, जिन्याच्या भिंतीवर. सोसायटीतल्यांनी रेघेबद्दल विचारलं, पुसून देऊ म्हटलं.

७.२५ वर मापं अशी आली: उतरली ०.९५ वर, मग १.४०, १.६५, १.५०, आणि उडी १.७५ वरून. उतरल्याच्या ठशात टाच नाही आणि ठसा रेषेवर आहे. ७.५० वर असंच चालतं. पूर्ण ८ मीटर आणि ७६ सेंमीवर काल सहाव्या हर्डलपर्यंत तीन पावलं पडली. सातव्यावर चार. शाळेतल्या सरांना व्हिडिओ दाखवले, ते आता "लांब टाक" ऐवजी "लवकर टेकव" म्हणतात.

एकच प्रश्न उरला आहे. स्पर्धेत सहाव्यानंतर लय मोडली तर तिने काय करावं? डाव्या पायानेही ओलांडायला शिकवू का?

मैदानकर
सहाव्यापर्यंत म्हणजे काम झालं आहे, उरलं ते शेवटपर्यंत वेग टिकवणं. डावा पाय आता शिकवू नका. लय मोडलीच तर पाच पावलं टाकून उजव्यानेच जावं, वेळ जाईल पण पडणार नाही. ७.७५ मीटरवर पूर्ण आठ हर्डल्स नीट होईस्तोवर ८ वर रोज जाऊ नका.

अनघा_घोडबंदर
सर, इथे मात्र मी विक्रांतच्या बाजूने आहे. पाच पावलं टाकायला तिला सगळा वेग घालवावा लागेल, डाव्याने गेली तर चारच लागतील. मी डाव्याने कमी उंचीवर शिकले होते आणि एकदा स्पर्धेत उपयोग झाला. दोन्ही बाजूंनी कंबर मोकळी राहते हा फायदा वेगळाच.

विक्रांत_कोपरखैरणे
चला, कोणीतरी बाजू घेतली. वर्षाताई, सातव्या हर्डलपाशीची मापंही घ्या ना, फक्त दुसऱ्या-तिसऱ्याची आहेत. तिथे पुन्हा तिसरं पाऊल लांबतंय, की यावेळी पहिलंच आखूड पडतंय?

वर्षा_ऐरोली
हे सुचलंच नव्हतं. रविवारी मैदान सुकलं तर सहाव्या-सातव्यामध्ये फक्की पसरते आणि मापं टाकते.